ही एल.पी. पहिल्या छापाची की नंतरची? (फोटो दिले आहेत)

कृष्णाकाठ (सांगली) · शनिवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

सांगलीत एका जुन्या सामानाच्या दुकानात शास्त्रीय गायनाची बारा इंची एल.पी. मिळतेय. दुकानदार म्हणतो, "ताई, १९६० ची ओरिजिनल आहे, लेबलावर साल छापलंय की!" मागतोय साडेचार हजार. सौदा व्हायचाय, म्हणून गायकाचं नाव आणि रेकॉर्डचा क्रमांक फोटोत झाकलाय. आपल्यातले दोघे-तिघे त्याच दुकानात जातात, हे मला पक्कं ठाऊक आहे :)

फोटो १ आणि २ मध्ये दोन्ही बाजूंची लेबलं आहेत. लाल लेबल, वर कुत्रा-भोंगा, खाली वर्तुळातला इंग्रजी पी आणि त्यापुढे १९६०. फोटो ३ आणि ४ लेबलाभोवतीच्या मोकळ्या पट्टीचे आहेत. ३ मध्ये कोरलेला नंबर दिसतोय, शेवटी "-१" आहे. ४ मध्ये माझाच मोबाईल दिसतोय, क्षमस्व. फोटो ५ कव्हरची पुढची बाजू, वर चकचकीत लॅमिनेशन. फोटो ६ मागची बाजू, खाली कंपनीचा पत्ता "दमदम, कलकत्ता २८".

एवढ्यावरून काही सांगता येईल का?

---

भेंडीबाजार_एक्सप्रेस · सकाळी ९:५२

रुमाल टाकतोय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

भोंगा७८ (इस्लामपूर) · सकाळी १०:१५

ताई, डोळे झाकून घ्या. लाल लेबल, कुत्रा, लॅमिनेटेड कव्हर आणि मॅट्रिक्सच्या शेवटी -१. याहून जास्त काय पाहिजे? -१ म्हणजे पहिलं प्रेसिंग. रिइश्यू असती तर -२, -३ असं काहीतरी असतं. शिवाय लेबलावर १९६० आहेच. साडेचार जरा जास्त आहेत, चारला मागा.

---

सूरपारंबी · सकाळी १०:३०

माझं ऐकाल तर नवी रिइश्यूच घ्या. जुन्या रेकॉर्डी खरखरतात, पिन खराब होते. मी मागच्या वर्षी नवीन १८० ग्रॅमची घेतली, एकदम स्वच्छ आवाज.

---

कृष्णाकाठ · सकाळी १०:३४

@सूरपारंबी, आवाजाचं नंतर बघू. ही वस्तू कधीची आहे एवढंच मला कळून घ्यायचंय. साडेचार हजार मागतोय तो १९६० च्या नावावर.

---

अजिंक्यतारा (सातारा) · सकाळी ११:२०

फोटो मोठे करून पाहिले. तबकडी १९६० साली दाबलेली नाही. हे दुकानदाराच्याच पुराव्यावरून सिद्ध होतं.

तो वर्तुळातला पी बघा. ध्वनिमुद्रणाच्या हक्काची ही खूण १९६१ च्या रोम करारात ठरली. लेबलांवर ती सर्रास दिसू लागली ती १९७१ च्या जिनिव्हा कराराच्या आगेमागे. म्हणजे १९६० साली छापलेल्या लेबलावर हे चिन्ह असूच शकत नाही, तेव्हा ते जन्मालाच आलेलं नव्हतं. त्यापुढचं साल हे ध्वनिमुद्रण प्रथम प्रकाशित झाल्याचं साल असतं, ही तबकडी कारखान्यातून बाहेर पडल्याचं नव्हे. नंतर कितीही वेळा काढली तरी तिथं १९६० च छापणार. लोक नेमके या सालावर पैसे मोजतात.

आता भोंगाशेठ, तुमचं -१. टेपवरून लॅकरच्या चकतीवर खाच कापतात तेव्हा तो नंबर तिथं घालतात. -१ म्हणजे पहिला कट. त्या चकतीवरून धातूचे साचे बनतात आणि त्यांच्यापासून शेवटी स्टॅम्पर. एक स्टॅम्पर झिजला की मधल्या साच्यावरून दुसरा काढतात, नंबर तोच राहतो. साचा शाबूत असेल तर वीस वर्षांनी दाबलेल्या तबकडीवरही -१ च येणार. मॅट्रिक्स सांगतं कट कुठला; प्रेसिंग कधीचं, ते सांगत नाही.

उलट बाजूनंही हे खोटं ठरतं. पिंक फ्लॉइडच्या डार्क साइड ऑफ द मूनची १९७३ ची पहिली इंग्लिश आवृत्ती, जिच्या लेबलावर भरीव निळा त्रिकोण असतो, तिच्या दोन्ही बाजूंना २ आहे. १ शोधत बसलात तर खरी पहिली आवृत्ती हातातून जाईल.

---

भोंगा७८ · सकाळी ११:४१

इंग्लंडचं इंग्लंडला. आपल्याकडे -१ च पहिलं असतं, मी आजवर तेच बघत आलोय. आणि लाल लेबल?

---

अजिंक्यतारा · सकाळी ११:५५

तुमच्या पाहण्यातल्या बऱ्याच तबकड्या -१ च्या आणि खरोखर पहिल्या छापाच्या असतीलही, ते नाकारत नाही. पण -१ आहे म्हणून पहिली, हे उलटं गणित जमत नाही. लाल रंग तर एचएमव्हीनं ऐंशीच्या दशकापर्यंत वापरला. रंगापेक्षा लेबलाच्या कडेचा बारीक मजकूर, कंपनीचं नाव, चिन्हं यांच्याकडे बघा. त्यातून रंग फोटोतला! ताईंच्या फोटो १ मध्ये तो विटकरी आहे आणि २ मध्ये गुलाबी. दुकानातल्या पिवळ्या बल्बची करामत.

मी तपासताना एकच रीत पाळतो: सगळ्यात उशिराची खूण शोधायची. जुनी खूण काहीच सिद्ध करत नाही, कारण जुना साचा, जुना ब्लॉक, जुनं शिल्लक कव्हर नंतरही वापरता येतं. पण उशिराची खूण आधी येऊ शकत नाही. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो छाप १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. सारेगामा हे कंपनीचं नाव असेल तर २००० किंवा नंतरचा. कलकत्त्याऐवजी कोलकाता असेल तर २००१ किंवा नंतरचा. किमतीपुढे रुपयाचं नवं चिन्ह असेल तर २०१० किंवा नंतरचा.

उलट पिनकोड नाही म्हणून १९७२ च्या आधीचं, असं मात्र म्हणायचं नाही. जुना ब्लॉक कुणी लगेच बदलत नाही.

---

मिरजेचा_तंबोरा (मिरज) · दुपारी १२:३०

चांगला विषय. आमच्या घरी अब्दुल करीम खाँसाहेबांची एल.पी. आहे. आजोबांनी दर्ग्याच्या उरुसाला आलेल्या एका पाहुण्याकडून घेतलेली. तीसुद्धा लाल लेबलाची. खाँसाहेब स्वतः मिरजेतच राहायचे, त्यामुळे ही ओरिजिनल असणार असं आजोबा म्हणायचे. वर्तुळातला पी नाहीये तिच्यावर. मग ओरिजिनल म्हणायची का?

---

अजिंक्यतारा · दुपारी १:०५

तंबोरेदादा, खाँसाहेब गेले १९३७ साली. एल.पी. हा प्रकारच बाजारात आला १९४८ साली, तोही अमेरिकेत. त्यामुळे खाँसाहेबांची कुठलीही एल.पी. म्हणजे ७८ च्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेलं संकलन. "ओरिजिनल" म्हणायचं तर तीसच्या दशकातल्या ओडियनच्या लाखेच्या तबकड्या.

तुमची एल.पी. त्या संकलनाच्या पहिल्या छापाची असू शकते आणि तिला तेवढी किंमत आहेच. आजोबांचा मुद्दा मात्र वेगळा होता. खाँसाहेब मिरजेत राहायचे म्हणून तबकडी ओरिजिनल, असं काही होत नाही :)

---

मिरजेचा_तंबोरा · दुपारी १:२०

घरी हे सांगणार नाही. तंबोरा माझ्या डोक्यात घालतील.

---

छापखाना (सातारा) · दुपारी ३:१०

मी तबकड्यांमधला नाही. हयात ऑफसेटवर गेली, त्याआधी खिळ्यांवर. कव्हरबद्दल बोलतो.

फोटो ६ मधला मागचा मजकूर खिळ्याच्या छपाईचा वाटतोय. अक्षराची कड आतल्या भागापेक्षा जास्त काळी आहे. खिळा कागदावर दाबला की शाई कडेला सरकते, म्हणून असं होतं. ऑफसेटला अशी कड येत नाही, तिथं काळं सगळीकडे सारखं. कव्हर उजेडाला तिरकं धरलं तर अक्षरं कागदात किंचित बसलेली दिसतील. तेवढा एक फोटो मिळेल का? जमलं तर पत्त्याच्या ओळीचा जवळून. मोबाईलवर भिंग धरलं तरी चालतं.

आणि फोटो व्हॉट्सॅपवरून फिरवून टाकू नका. तो दाबून लहान करतो, आम्हाला बघायचे ते ठिपकेच मग एकमेकांत मिसळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मूळ फाइल चढवा.

---

कासपठार · दुपारी ३:४५

छापखाना काका, तुम्ही आहातच तर माझंही एक बघा. ऑनलाइन घेतलेली "न वापरलेली ओरिजिनल". कव्हर कोरं करकरीत आहे, पण पुढच्या बाजूला तबकडीच्या आकाराचा गोल डाग दिसतो. विकणारा म्हणतो, तीस वर्षं कपाटात पडून होती म्हणून पडला. दोन फोटो टाकतोय.

---

छापखाना · दुपारी ४:३०

डागावरून बोट फिरवा. खरं कव्हर घासलं की गोल उमटतो तिथं लॅमिनेशन झिजतं, खरखरीत लागतं, उजेडात तिथली चमक मारलेली असते. तुमच्या फोटोत चमक डागावरून सलग गेलीय, कुठंही तुटलेली नाही. म्हणजे डाग लॅमिनेशनच्या खाली आहे, छापलेला आहे. कुणीतरी घासलेलं जुनं कव्हर स्कॅन केलं आणि डागासकट छापलं.

दुसऱ्या फोटोत बारीक अक्षरं बघा. काळं अक्षर म्हणून जे दिसतंय ते निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांचं बनलंय, कडा फुटलेल्या आहेत. मूळ कव्हरला मजकुराची काळी प्लेट वेगळी असते, अक्षर सलग येतं. आणि चेहऱ्याच्या सावलीत साडीच्या वॉयलसारखी नक्षी दिसतेय ना, ती जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके बसल्यामुळे. छापलेलं पुन्हा स्कॅन केलं आणि नीट सांभाळलं नाही की हमखास येते.

---

कासपठार · दुपारी ४:४१

बोट फिरवलं. गुळगुळीत आहे. :(

---

अजिंक्यतारा · संध्याकाळी ५:००

@कासपठार, आतल्या तबकडीच्या मोकळ्या पट्टीत काय कोरलंय? सहा आकडे, मग इंग्रजी ई, एक, तिरकी रेघ आणि ए किंवा बी, असं बारीक रेघेत असेल तर चेक प्रजासत्ताकातल्या जीझेड मीडियाची नवी तबकडी आहे. तो त्यांचा अंतर्गत नंबर असतो. बीए, बीबी, बीसी, बीडी असं काही, मग पाच आकडे आणि -०१ असेल तर जर्मनीतली ऑप्टिमल. जुन्या हिंदुस्थानी तबकडीवर यातलं काहीही असायचं कारण नाही.

---

कासपठार · संध्याकाळी ५:१८

सहा आकडे, ई१, तिरकी रेघ, ए. आता विकणाऱ्याला पकडतो. तो म्हणेल, "मी सीलबंद म्हटलं होतं, जुनी कुठं म्हटलं होतं?"

---

कराडकर · संध्याकाळी ६:०५

कृष्णाकाठ ताई, तुमच्या कव्हरच्या मागच्या मजकुराची ठेवण ओळखीची वाटली म्हणून माझी पेटी उघडली. झाकलेलं नाव सांगत नाही, पण हीच एल.पी. माझ्याकडे आहे, वडिलांनी कराडात घेतलेली. व्यनि केलाय, क्रमांक जुळवून बघा.

माझ्या लेबलावर वर्तुळातला पी नाही, साल नाही. पहिल्या बाजूला शेवटी -१, दुसऱ्या बाजूलाही -१. तुमच्या दुसऱ्या बाजूचा नंबर काय?

---

कृष्णाकाठ · संध्याकाळी ६:२०

व्यनि पाहिला, क्रमांक तोच! दुसरी बाजू वाचता येईना. फ्लॅश मारला की नुसता पांढरा पट्टा येतो.

---

अजिंक्यतारा · संध्याकाळी ६:३५

फ्लॅश बंद ठेवा. दुकानातला दिवा जमला तर मालवा. दुसऱ्या कुणाला मोबाईलची बॅटरी तबकडीच्या अगदी पातळीला धरायला सांगा, उजेड जवळपास सपाट सरपटत आला पाहिजे. तुम्ही जरा लांबून, झूम करून वरून फोटो घ्या. लांबून घेतला की मोबाईलची सावली आणि प्रतिबिंब पट्टीत येत नाही. वर काळा कपडा धरला तर उत्तमच. मग तबकडी हळूहळू फिरवायची, एका ठिकाणी अक्षरं अचानक उजळतात. पूर्ण वर्तुळ घ्या, फक्त नंबरपाशी थांबू नका. कधीकधी दुसऱ्या टोकाला एखादं सुटं अक्षर किंवा आकडा असतो.

पावडर, खडू, पीठ असलं काही चोळू नका. खाचेत बसतं, मग दुकानदार भरपाई मागतो.

---

कृष्णाकाठ · रविवार, दुपारी १२:१०

आत्ताच जाऊन आले. दुकानातल्या मुलानं बॅटरी धरली, मी ओढणी डोक्यावरून घेऊन आत मोबाईल. दुकानदाराला वाटलं भुताटकीच चाललीय. फोटो ७ ते १० नवीन आहेत, या वेळी मूळ फाइल.

पहिल्या बाजूला -१, ठशानं मारलेली बारीक, एकसारखी अक्षरं. दुसऱ्या बाजूला -३! आणि तिथली अक्षरं वेगळ्या ठशाची वाटतात, थोडी मोठी. फोटो ९ कव्हरवर तिरका उजेड पाडून. फोटो १० पत्त्याच्या ओळीचा, भिंगातून.

---

भोंगा७८ · दुपारी १२:२५

बघा, -३! मी म्हटलंच होतं की रिइश्यू असती तर -२, -३ असतं.

---

भेंडीबाजार_एक्सप्रेस · दुपारी १२:३१

शेठ, काल तुम्ही चार हजारांना घ्या म्हणत होता :D

---

अजिंक्यतारा · दुपारी १:१५

आता चित्र बरंच स्पष्ट झालं, आणि ते कराडकरांच्या तबकडीमुळे. एकट्या -३ वरून मी काहीच म्हणालो नसतो. पहिले दोन कट कारखान्यातच नापास होऊन पहिल्या छापालाच -३ गेलेला असू शकतो. पण त्याच क्रमांकाची, पी नसलेल्या जुन्या लेबलाची तबकडी दोन्ही बाजूंना -१ आहे. म्हणजे दुसऱ्या बाजूचा -१ कट वापरात होता आणि पुढं कधीतरी सोडून दिला गेला. साचा खराब झाला असेल, हरवला असेल. मग टेपवरून नव्यानं कट केला. ठशाची अक्षरं वेगळी आहेत, तेही याच्याशी जुळतं.

तेव्हा ताईंची तबकडी अशी: पहिली बाजू जुन्याच कटाची, दुसरी नव्या कटाची, लेबल वर्तुळातल्या पीच्या काळातलं. माझा अंदाज सत्तरचं दशक, त्यातही त्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांपेक्षा नंतरचं. साल विचाराल तर सांगणार नाही. लेबल "याच्या आधीची नाही" एवढंच सांगतं, "याच्या नंतरची नाही" असं सांगत नाही. छापून ठेवलेल्या लेबलांचा गठ्ठा पुढंही वापरत.

एक गोष्ट लेबलाच्या बाजूची. ते डिंकानं चिकटवलेलं नसतं, गरम मालाबरोबर प्रेसमध्येच दाबलं जातं. म्हणून लेबल आणि तबकडी यांची अदलाबदल नंतर कुणी करू शकत नाही. कव्हरची मात्र कुणीही करतं.

---

कृष्णाकाठ · दुपारी १:३०

म्हणजे कव्हर दुसऱ्याच तबकडीचं असेल?

---

छापखाना · दुपारी २:५०

फोटो ९ पाहिला. अक्षरं कागदात बसलेली आहेत, खिळ्याचीच छपाई. फोटो १० मध्ये पत्त्याच्या वरच्या ओळीत इंग्रजी आर आहे, त्याचा उजवा पाय खाली तुटलेला आहे. शाई कमी पडली असं म्हणू नका. शाई कमी पडली तर कड पुसट होते, इथं पाय कापल्यासारखा सरळ संपलाय. खिळा टवकलेला आहे.

कराडकर, तुमच्या कव्हरवर तोच शब्द भिंगातून बघा बरं.

---

कराडकर · दुपारी ३:२०

काका, तुटलेला आहे! त्याच ठिकाणी, त्याच पायाला. फोटो टाकतोय. पुढच्या ओळीत एक ई सुद्धा जरा खाली घसरलेली आहे, ताईंच्या फोटोतही तशीच.

---

छापखाना · दुपारी ३:५५

म्हणजे दोन्ही कव्हरांची मागची बाजू एकाच जुळणीची. खिळे जुळवून छापलं की काम झाल्यावर ते सोडून पेटीत परत टाकतात. पुन्हा जुळवलं तर तोच टवकलेला खिळा त्याच जागी येण्याची शक्यता जवळपास नाही. त्यामुळे एकाच वेळची छपाई, असं म्हणायला मला आवडेल.

पण छातीठोक नाही म्हणणार. जास्त प्रती लागतील असं वाटलं तर जुळणीवरून धातूचा अखंड ठोकळा ओतून ठेवायचे. ठोकळ्यात तुटका पायही तुटकाच ओतला जातो. मग दहा वर्षांनी त्याच ठोकळ्यावर छापलं तरी आर तसाच. ठोकळा झिजला असेल तर अक्षरं किंचित जाडावतात, तेवढं फोटोवरून मला कळेना. दोन्ही कव्हरं शेजारी ठेवून बघायला लागतील.

---

अजिंक्यतारा · संध्याकाळी ४:२०

कव्हर जुनं आणि तबकडी नंतरची, असं होण्याचे दोन मार्ग. एक, कारखान्यातच शिल्लक जुन्या कव्हरात नवी तबकडी घातली. हे सर्रास व्हायचं. दोन, दुकानदाराकडे किंवा घरात कुणीतरी चांगलं कव्हर आणि चांगली तबकडी अशी जोडी लावली. आतलं कागदी पाकीट बघितलंत का ताई? कव्हर चिमटून आत बघा, आतल्या बाजूला कडेची वर्तुळाकार खूण तबकडीच्या कडेशी जुळते का. त्यानं दुसरी शक्यता सिद्ध होत नाही, पण अजिबात जुळत नसेल तर शंका वाढते.

---

कृष्णाकाठ · संध्याकाळी ४:४५

आतलं पाकीट नाहीच, तबकडी थेट कव्हरात होती. आतली खूण आहे, पण दोन ठिकाणी आहे. एक गडद, एक फिकी, थोडी सरकलेली.

---

भेंडीबाजार_एक्सप्रेस · संध्याकाळी ४:५०

द्विभार्या प्रतिबंधक कायदा लागू होतो का बघा.

---

अजिंक्यतारा · संध्याकाळी ५:१०

दोन खुणा म्हणजे दोन तबकड्याच, असं नाही. कव्हर एकदा आडवं, एकदा उभं ठेवलं तरी तबकडी आत सरकते आणि दुसरा गोल उमटतो. हा मुद्दा मी अनिर्णित ठेवतो.

किमतीचं म्हणाल तर पहिल्या छापाचे साडेचार असतील, नसतील; ही पहिल्या छापाची नाही एवढं नक्की. दुकानदाराला वर्तुळातल्या पीचं सांगा. करारांची नावं सांगू नका, झोप येईल त्याला. "हीच एल.पी. कराडात आहे आणि तिच्यावर हे चिन्ह नाही," एवढंच सांगा आणि कराडकरांचा फोटो दाखवा.

---

सूरपारंबी · संध्याकाळी ५:३०

मी अजूनही म्हणतो, आवाज ऐकून घ्या. कट नवा असेल तर दुसरी बाजू कदाचित चांगलीच वाजेल.

---

अजिंक्यतारा · संध्याकाळी ५:४८

हे मात्र बरोबर बोललात. नवा कट वाईटच असतो असं नाही. टेप तोवर जुनी झालेली असते, की मूळ टेपऐवजी तिची नक्कल वापरलेली असते, की उलट नव्या यंत्रावर जास्त मोकळा कट होतो, हे फोटोतून कळणारच नाही. लेबलावर आधी मोनो आणि नंतर स्टिरिओ असं असतं तर मी सावध केलं असतं, कारण साठच्या मोनो ध्वनिमुद्रणाला नंतर यंत्रानं स्टिरिओचा साज चढवलेल्या तबकड्या निघाल्यात आणि त्यात गवयाचा आवाज हॉलच्या मागच्या रांगेत गेल्यासारखा होतो. ताईंच्या दोन्ही लेबलांवर मोनोच आहे, ते बरं.

---

कृष्णाकाठ · मंगळवार, रात्री ८:३०

घेतली. अठ्ठावीसशेला. कराडकरांचा फोटो दाखवल्यावर दुकानदार म्हणाला, "ताई, आत गाणं तेच आहे ना?" मी म्हटलं, "एका बाजूला तेच आहे, दुसऱ्या बाजूचं बघायचंय." त्यावर त्यानं चहा मागवला आणि आपोआप खाली आला.

धुऊन एकदा वाजवली. पहिली बाजू छान. दुसऱ्या बाजूला तानपुरा मागे गेल्यासारखा वाटतो, पण माझी पिन जुनी आहे, त्यामुळे खात्रीनं नाही सांगत.

---

भोंगा७८ · रात्री ८:५०

अभिनंदन ताई. माझं मत कायम आहे, आपल्याकडे -१ पहिलंच असतं. तुमचीच पहिली बाजू बघा.

---

कराडकर · रात्री ९:१५

भोंगाशेठपुढे कोण बोलणार! ताई, पुढच्या रविवारी सांगलीला येतोय, विश्रामबागला बहिणीकडे. माझी तबकडी आणि कव्हर घेऊन येतो. एकाच मशीनवर, एकाच पिनेवर दोन्हींची दुसरी बाजू लागोपाठ लावू. छापखाना काकांना साताऱ्याहून यायला जमेल का? ठोकळ्याचंही बघून घेऊ.

---

छापखाना · रात्री ९:४०

येतो. भिंग माझं आणतो, तुमच्या मोबाईलवर भरवसा नाही. कव्हरं प्लॅस्टिकमधून काढून ठेवा, आणि तेवढ्यासाठी दिवसा भेटू. ट्यूबलाइटखाली शाई बघण्यात अर्थ नाही.